अकरा घड्याळं आणि एक खोली

आमची अॅनिमेशन फिल्म चार मिनिटं दहा सेकंदांची होती. एक म्हातारा घड्याळजी, त्याची नात आणि एक रात्र, एवढीच गोष्ट. शॉट ४१, त्यांना लागणारी बॅकग्राउंड्स १७. पात्रं आम्ही हाताने काढत होतो: फ्लॅट रंग, सगळीकडे तीन पिक्सेलची सारखी रेघ, सावली जवळपास नाहीच. बॅकग्राउंड्स मात्र एआयच्या इमेज जनरेशनने करायची असं ठरलं, कारण बॅकग्राउंड रंगवणारी चित्रकार एकच होती आणि हातात आठवडे जेमतेम दहा. कॉम्पोझिटिंग, म्हणजे पात्रं आणि बॅकग्राउंड एका फ्रेममध्ये बसवणं, माझ्याकडे होतं, त्यामुळे सगळं शेवटी माझ्याच टेबलावर येऊन पडणार होतं.

दोन आठवड्यांत सतराच्या सतरा चित्रं तयार झाली. एकेक सुटं पाहिलं तर कुणालाही हेवा वाटावा अशी. मग ती शॉटमध्ये बसवून सलग लावली आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. घड्याळजी दारातून आत येतो तो एका फिल्ममधून, टेबलाशी बसतो तो दुसऱ्याच फिल्ममध्ये. दिग्दर्शिका बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "सुंदर आहेत रे सगळी. पण एकमेकांना ओळखत नाहीत."

नेमकं काय बिनसलंय ते सांगता येत नव्हतं. जो तो रंगांबद्दल बोलत होता. मी सतरा चित्रं एकाच पानावर, प्रत्येकी दोनशे पिक्सेल रुंद अशी मांडली आणि पान ग्रे केलं. रंग गेल्यावर खरी भानगड उघडी पडली. बाराव्या शॉटच्या भिंतीतला सगळ्यात गडद भाग ० ते २५५ च्या मोजपट्टीवर १८ होता, तेराव्या शॉटमध्ये त्याच खोलीतला सगळ्यात गडद भाग ६०. म्हणजे कट झाला की खोलीत कुणीतरी धुकं सोडल्यासारखं वाटायचं. मग उलट टोकाला जाऊन प्रत्येक चित्र शंभर टक्के आकारात उघडलं आणि त्यावर एकच पात्र ठेवून पाहिलं. काही चित्रांत वस्तूंच्या कडा दोन पिक्सेलच्या, काहींत पाच-सहा, काहींत कडाच नाहीत, नुसता रंगाचा फराटा. तिसरी गोष्ट उजेडाची दिशा: खिडकी डावीकडे आणि टेबलाखालची सावलीही डावीकडे.

रंगांतला फरक या तिन्हींपुढे किरकोळ होता. माझं मत तेव्हापासून पक्कं झालंय की रंग सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो आणि दुरुस्त मात्र सगळ्यात शेवटी करावा. आधी रंग जुळवत बसलो असतो तर बाकीचे तीन रोग झाकले गेले असते, बरे झाले नसते.

पहिला उपाय आम्ही तोच केला जो सगळे करतात. प्रॉम्प्ट, म्हणजे चित्र काढणाऱ्या मॉडेलला दिलेलं लेखी वर्णन, लांबवला. "गॉश रंग, मऊ कडा, मर्यादित रंग, हाताने रंगवलेलं" असं चाळीसेक शब्दांचं शेपूट प्रत्येक प्रॉम्प्टला जोडलं आणि सीडही सगळीकडे एकच ठेवला. फार फरक पडला नाही, आणि का पडला नाही ते समजून घेतल्यावरच पुढचा रस्ता दिसला.

सीड म्हणजे ज्या गोंगाटापासून चित्र सुरू होतं त्या गोंगाटाचा क्रमांक. मॉडेल, प्रॉम्प्ट, आकार आणि बाकी सेटिंग्ज तीच असतील तर त्या क्रमांकावरून तेच चित्र पुन्हा मिळतं. प्रॉम्प्ट बदलला की त्या गोंगाटातून फार तर मांडणीचा सांगाडा टिकतो, मोठा आकार डावीकडे की उजवीकडे, एवढाच. ब्रशचा हात त्यात नसतो. आणि चित्राचा आकार बदलला की गोंगाटच वेगळा होतो, मग सांगाडाही जातो.

शब्दांचं दुखणं याहून खोल आहे. स्टाइलचे शब्द तेच ठेवले तरी वस्तूंचे शब्द बदलतातच, आणि वस्तूंचे शब्द स्वतःची स्टाइल घेऊन येतात. "जिना" म्हटलं की इमारतींच्या फोटोंची सवय आत येते आणि कडा धारदार होतात. "कंदील" म्हटलं की सोनेरी धूसर झगमगाट येतो. शेपटातले चाळीस शब्द एका बाजूला खेचत होते आणि तो एक "कंदील" दुसऱ्या बाजूला. बहुतेक वेळा कंदील जिंकत होता.

त्यातच, आम्ही वापरत होतो त्या ऑनलाइन सेवेने मधल्या आठवड्यात मॉडेलची आवृत्ती बदलली. जुन्या प्रॉम्प्टला नवा हात लागला. नऊ चित्रं एका आवृत्तीची, आठ दुसऱ्या. त्या दिवशी आम्ही बाडबिस्तरा उचलून स्टेबल डिफ्यूजन एक्सएल आमच्याच मशीनवर बसवलं. त्याची चित्रं अधिक चांगली येतात म्हणून नव्हे, तर फाइल आपल्या डिस्कवर असली की रात्रीतून बदलत नाही म्हणून.

आता स्टाइल शब्दांबाहेर कुठेतरी रोवायची होती. एक संदर्भचित्र देऊन "याच्यासारखं कर" असं सांगण्याची सोय आम्ही दोन दिवस वापरून पाहिली. हात बराच जुळला, पण संदर्भचित्रातल्या वस्तूही पाझरायला लागल्या. संदर्भात एक तिपाई होती, ती गच्चीवरही उगवली. शेवटी चित्रकाराने स्वतः २२ चित्रं रंगवली आणि त्यांवर आम्ही एक लोरा शिकवला, म्हणजे मूळ मॉडेलला जोडायची एक छोटी फाइल, जी त्या २२ चित्रांतला हात उचलते.

लोरा जे समान असेल ते शिकतो, तुम्हाला जे समान वाटतं ते नाही. पहिल्या फेरीत २२ पैकी १४ चित्रांत खिडकी डाव्या भिंतीला होती. झालं, प्रत्येक खोलीला डावीकडे खिडकी आली, जिन्यालासुद्धा. यावर तोड अशी की चित्रासोबतच्या वर्णनात जे लिहिलं जातं ते त्या त्या शब्दाशी बांधलं जातं, आणि जे लिहिलेलं नसतं ते स्टाइल म्हणून मुरतं. म्हणून आम्ही वर्णनांत खिडकी, तिची बाजू, टेबल, लाकूड सगळं लिहिलं, आणि ब्रश, कडा, रंगाचा पोत यांबद्दल चकार शब्द लिहिला नाही. चार चित्रं आरशातल्यासारखी डावं-उजवं उलटी करून घातली. दुसऱ्या फेरीत खिडक्या आवरल्या. जोर ०.८ वर ठेवला. १ वर गेलं की कागदाचा खरखरीतपणा आकाशातही दिसायचा.

यातला सगळ्यात कामाचा निर्णय मात्र चित्रकाराचा. तिने बावीसही चित्रं सावलीशिवाय रंगवली. सगळीकडून सारखा उजेड, ढगाळ दिवसासारखा. मला तेव्हा ती चित्रं फिकी आणि कंटाळवाणी वाटली होती, तसं मी बोललोही. त्याबद्दल पुढे येतोच.

हात जुळला तरी खोली जुळत नव्हती. घड्याळजीची खोली चार कोनांतून दिसते: दारातून, टेबलामागून, खिडकीकडून आणि वरून. मॉडेलला खोली माहीतच नसते, त्याला फक्त खोलीचं चित्र माहीत असतं. त्यामुळे प्रत्येक कोनात कपाट नव्या जागी. यासाठी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ठोकळ्यांची खोली बांधली. भिंती, टेबल, कपाट, खिडकी, पलंग, सगळं खोक्यांचं, दुपारभरात झालं. चार कॅमेरे लावले आणि प्रत्येक कोनाचा डेप्थ मॅप, म्हणजे कोणती वस्तू कॅमेऱ्यापासून किती दूर ते दाखवणारं चित्र, काढून मॉडेलला मांडणी पाळायला लावणाऱ्या कंट्रोलनेटला दिला. मांडणी लगेच जागेवर आली. पण डेप्थ मॅपमध्ये रंग नसतो, त्यामुळे तीच भिंत एका कोनात मातकट आणि दुसऱ्यात हिरवट. मग ठोकळ्यांना सपाट रंग दिले आणि कोऱ्या गोंगाटाऐवजी त्या रंगीत रेंडरपासून चित्र सुरू केलं, डीनॉइज, म्हणजे सुरुवातीचं चित्र किती बदलू द्यायचं तो आकडा, ०.७२ ठेवून. एवढ्यावर मॉडेल ब्रशचं काम नव्याने करतं, पण रंगाचे मोठे पट्टे जागचे हलत नाहीत. ०.५ वर ठोकळेच दिसत राहतात आणि ०.९ वर भिंत पुन्हा हिरवी व्हायला लागते. प्रत्येक शॉटची चिठ्ठी चित्राशेजारीच ठेवली:

```
shot: 012
size: 1344x768
seed: 771204
lora: khadbad_v2 @ 0.8
depth: 0.6, end 0.7
denoise: 0.72
steps: 30
```

मग राहिली घड्याळं. गोष्टीप्रमाणे भिंतीवर अकरा आहेत. डेप्थ मॅपमध्ये ती म्हणजे भिंतीवरच्या जेमतेम उठलेल्या चकत्या, मॉडेल त्यांना फारशी दाद देत नव्हतं. एका कोनात नऊ, दुसऱ्यात चौदा, एकात दोन घड्याळं मिळून एक. शिवाय जनरेशनची घड्याळं दहा वाजून दहा मिनिटांचीच वेळ दाखवण्याकडे झुकतात. शिकवणीच्या चित्रांत जाहिरातींतली घड्याळं भरपूर, आणि जाहिरातीत काटे तसे उघडे ठेवायची पद्धत. आमच्या गोष्टीत पावणेतीन वाजायला हवे होते.

दोन दिवस मी प्रॉम्प्टमध्ये "अकरा" हा आकडा नाना परींनी लिहून पाहिला. मग चित्रकार म्हणाली, "अरे, भिंत कोरी माग ना. घड्याळं मी काढते." अर्ध्या दिवसात तिने अकरा घड्याळं वेगळ्या लेअरवर, समोरून, पात्रांच्याच तीन पिक्सेलच्या रेघेत काढली. मी ती ब्लेंडरच्या खोलीत भिंतीला चिकटवली आणि चारही कोनांतून कललेली, लहानमोठी होऊन मिळाली. तिथून आमचा नियमच झाला: प्रेक्षक जे मोजेल, वाचेल किंवा दुसऱ्या शॉटमध्ये ओळखेल ते जनरेट करायचं नाही. दुकानाची पाटी, दाराची कडी, नातीने भिंतीवर खडूने काढलेला ससा, सगळं हाताने. भिंत, लाकूड, फरशी, आकाश यंत्राकडून.

आता रेघेच्या जाडीकडे येतो, कारण यात आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि याबद्दल फारसं कुणी बोलतही नाही.

स्टेबल डिफ्यूजन एक्सएल साधारण दहा लाख पिक्सेलच्या चित्रांवर घडवलेलं आहे, त्यामुळे आम्ही १३४४ बाय ७६८ वर चित्र काढत होतो. फिल्मची फ्रेम १९२० बाय १०८०. म्हणजे चित्र १.४३ पट मोठं करायचं, उंची १०९७ होते, वरखालून सतरा ओळी कापायच्या. चित्रातली दोन पिक्सेलची कड मोठी केल्यावर जवळपास तीन होते, पात्राच्या रेघेशी जुळते. वाइड शॉटपुरतं सगळं आलबेल.

क्लोजअपला घोळ होतो. पात्र क्लोजअपसाठी नव्याने काढलं जातं आणि त्याची रेघ तीनच पिक्सेल राहते. बॅकग्राउंडसाठी आम्ही आधी वाइड चित्राचाच एक तुकडा तिप्पट मोठा केला. कड तीनची नऊ झाली आणि ब्रशचे फराटे नातीच्या कानाएवढे. तिच्या मागे जणू दुसऱ्याच कुणीतरी जाड कुंचल्याने रंगवलेला पडदा. मग क्लोजअपचं बॅकग्राउंड स्वतंत्र जनरेट केलं, तर उलटंच झालं. फ्रेममध्ये कितीही लहान जागा असली तरी मॉडेल तीच दाटी भरतं. दोन फुटांच्या भिंतीवर त्याने आख्ख्या खोलीइतका तपशील कोंबला: लाकडाच्या रेषा, खिळे, भेगा, भेगांतली धूळ. नातीचा चेहरा त्यापुढे रिकामा दिसायला लागला.

शेवटी दोन्हींचा मधला रस्ता सापडला. वाइड चित्रातून ४४८ बाय २५६ चा तुकडा घ्यायचा, तिप्पट करून १३४४ बाय ७६८ करायचा, आणि तो पुन्हा त्याच लोरासह मॉडेलमधून काढायचा, डीनॉइज ०.४ वर. एवढ्या जोरात वस्तू जागच्या राहतात, रंग राहतात, पण कडा आणि फराटे नव्या आकाराला शोभतील असे पुन्हा रंगवले जातात. ०.५५ वर गेलो की खिळे परत यायचे. नंतर वर थोडा ब्लर, कारण क्लोजअपमध्ये मागचं तसंही मऊच दिसायला हवं. तपासायची रीत साधी: वाइड आणि क्लोजअप शेजारी ठेवून दोन्हींवर एकच मोजपट्टी लावायची आणि सारख्या वस्तूची कड किती पिक्सेलची आहे ते बघायचं. डोळा इथे फसतो, कारण आपण वस्तू बघत असतो, कड नाही.

रात्रीच्या शॉट्समध्ये मला त्या फिक्या चित्रांची माफी मागावी लागली. फिल्मचा दुसरा अर्धा भाग रात्रीचा. प्रॉम्प्टमध्ये "रात्र" टाकलं की दोन गोष्टी व्हायच्या. एक, हात बदलायचा: निळसर चमक, खिडकीत गोल धूसर दिवे, जे आमच्या गॉशसारख्या स्टाइलमध्ये कुठेच नव्हते. दुसरी अधिक चिवट. चित्र पुरेसं गडद व्हायचंच नाही. दिवसाच्या चित्रांची सरासरी १३० च्या आसपास होती, रात्रीची ९० च्या खाली उतरायला तयार नव्हती. आम्हाला ४५ च्या जवळपास हवी होती. त्यात कंदील जरा प्रखर मागितला की बाकीची खोली भरपाई म्हणून काळी व्हायची, बेरीज पुन्हा तिथेच.

याचं कारण या मॉडेलांच्या घडणीत आहे. शिकवताना चित्रात पायरीपायरीने गोंगाट मिसळतात, पण स्टेबल डिफ्यूजनच्या जुन्या वेळापत्रकात शेवटच्या पायरीलाही मूळ चित्राचा अगदी पुसट अंश शिल्लक राहतो, आणि त्यातून एकूण उजेडाची चाहूल लागते. मॉडेल त्या चाहुलीवर विसंबायला शिकतं. नुसत्या प्रॉम्प्टवरून चित्र काढताना मात्र सुरुवात निव्वळ गोंगाटापासून होते, ज्याची सरासरी मधोमध असते. त्यामुळे निकाल मध्यम उजेडाकडे ओढला जातो. यावर मॉडेलच्या बाजूने उपाय निघालेले आहेत, पण आमची पाइपलाइन त्या टप्प्यावर उलथवायची माझी तयारी नव्हती.

तोड जुनीच निघाली. रात्र मागायचीच नाही. सगळी बॅकग्राउंड्स त्या ढगाळ, बिनसावलीच्या उजेडात काढायची आणि वेळ कॉम्पोझिटिंगमध्ये आणायची. बॅकग्राउंडवर मल्टिप्लायचा एक सपाट लेअर, रंग `#4A5A86`. मधल्या १३० च्या ग्रेवर हा रंग गुणला की ३८, ४६, ६८ मिळतात, म्हणजे डोळ्याला साधारण ४६ ची निळसर रात्र. सगळ्या रात्रीच्या शॉट्सना हाच रंग, त्यामुळे जुळवाजुळवीचा प्रश्नच संपला. पात्रांवरही तोच लेअर, थोडा हलका. कंदिलाचा उजेड वेगळ्या मास्कने, हाताने, ब्लेंडरच्या खोलीत कंदील जिथे आहे तिथूनच. सावल्या पडल्या त्याही तिथूनच.

चित्रकाराने बावीस चित्रं सावलीशिवाय का रंगवली ते मला त्या दिवशी उमगलं. सावली एकदा बॅकग्राउंडमध्ये शिजली की ती काढता येत नाही, आणि तिच्यासोबत दिवसाची वेळही त्या चित्रात कायमची अडकते. बिनसावलीचं एकच चित्र आम्ही सकाळ, दुपार आणि रात्र अशा तीन वेळांना वापरलं.

डागडुजीबद्दल थोडक्यात. चित्रातला एखादा कोपरा इनपेंटने, म्हणजे तेवढाच भाग पुन्हा जनरेट करून, दुरुस्त केला की बाकीचं चित्रही मॉडेलच्या दाबलेल्या रूपात जाऊन परत येतं आणि प्रत्येक फेरीत किंचित बदलतं. चार-पाच दुरुस्त्या झालेलं गच्चीचं चित्र मूळ चित्राशेजारी ठेवलं तेव्हा बारीक पोत पुसट झालेला आणि आकाश उगाच गुलाबीकडे झुकलेलं दिसलं. तेव्हापासून दुरुस्त केलेला तुकडा तेवढा कापून मूळ चित्रावर चिकटवायचा, आख्खं चित्र पुढे न्यायचं नाही.

एक शॉट या कशातच बसला नाही. दारापासून एका घड्याळाच्या तबकडीपर्यंत नऊ सेकंद कॅमेरा पुढे सरकतो आणि शेवटी फ्रेम सुरुवातीच्या एक तृतीयांश उरते. शेवटच्या क्षणी चित्र फुटू नये म्हणून ५७६० पिक्सेल रुंद बॅकग्राउंड हवं. तुकड्यातुकड्याने मोठं करून पाहिलं, पण प्रत्येक तुकड्याची दाटी वेगळी यायची आणि कॅमेरा सरकताना सांधे पोहताना दिसायचे. चित्रकाराने तो दोन दिवसांत हाताने रंगवला. मी तीन दिवस जनरेशनवर घालवून झाल्यावर.

हिशेब असा लागला: सतरापैकी अकरा बॅकग्राउंड्स ठोकळ्यांच्या रेंडरवरून जनरेट केलेली, चार वाइड चित्रांतून कापून पुन्हा रंगवलेली, दोन पूर्ण हाताची. सतराही पुन्हा एका पानावर ग्रेमध्ये मांडली तेव्हा दिवसाच्या शॉट्समधला सगळ्यात गडद भाग २४ ते ३१ च्या आत होता. एकतिसाव्या शॉटमध्ये मात्र जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उन्हाची एक तिरीप शिजून राहिली आहे. शॉट रात्रीचा आहे. सव्वा सेकंद दिसतो म्हणून दिग्दर्शिकेने राहू दिला, आणि दर वेळी फिल्म लागली की मी घड्याळजीकडे न बघता त्या पायरीकडेच बघतो.